उजवा हात, पाय आणि जन्मानंतरचे पहिले तास

नवजात बाळ वॉर्मरवर आलं की मी पल्स ऑक्सिमीटरचा पहिला प्रोब उजव्या हाताला लावते आणि बाळाच्या श्वासाबद्दल शंका आली की दुसरा पायाला. या दोन आकड्यांवरून पोटातलं रक्ताभिसरण बंद होऊन बाहेरचं सुरू होतंय की नाही, याचा बराचसा अंदाज येतो. त्यासाठी आधी पोटात रक्त कुठून कुठे जातं हे डोळ्यांसमोर हवं.

पोटात प्राणवायू देण्याचं काम वार करते. फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि त्यांच्या बारीक धमन्या आवळलेल्या असतात, त्यामुळे तिथे जास्त रक्त पाठवण्यात अर्थ नसतो. वारेतलं शुद्ध रक्त नाळेच्या एकमेव शिरेतून येतं. त्याची संपृक्तता, म्हणजे ऑक्सिमीटर मोजतो ते रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण, साधारण ८० टक्के असते. म्हणजे गर्भातलं सर्वांत चांगलं रक्तही आपल्या मोजमापाने कमीच. ही शीर यकृतापाशी आली की त्या रक्ताचा काही भाग यकृतात न शिरता डक्टस व्हेनोसस नावाच्या आखूड नळीतून थेट अधोमहाशिरेत जातो. पूर्वी हा भाग निम्मा असल्याचं मानत. माणसाच्या गर्भात शेवटच्या महिन्यांत तो पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो आणि बाकीचं रक्त यकृताला मिळतं. नळी अरुंद असल्याने त्यातून निघणारा झोत वेगवान असतो. तो उजव्या कर्णिकेत फारसा न मिसळता दोन कर्णिकांमधल्या फोरामेन ओव्हेलमधून डाव्या बाजूला जातो. तिथून डावी जवनिका, महाधमनी आणि मग हृदयाच्या स्वतःच्या धमन्या व मेंदू. त्यातल्या त्यात चांगलं रक्त मेंदूला मिळतं ते असं.

डोक्याकडून परतणारं निळसर रक्त मात्र उजव्या जवनिकेत उतरतं आणि फुप्फुस धमनीत ढकललं जातं. पुढची वाट आवळलेली असल्याने त्यातलं बरंचसं डक्टस आर्टेरिओससमधून महाधमनीत जातं. ही नळी महाधमनीला जिथे मिळते ती जागा महत्त्वाची आहे. डोकं आणि उजव्या हाताकडे जाणाऱ्या फांद्या तिच्या आधी निघतात, पोट आणि पाय तिच्या नंतर येतात. डाव्या हाताची धमनी अगदी सीमेवर असते, म्हणून त्याच्या आकड्यावर मी विसंबत नाही. पहिला प्रोब उजव्या हातालाच लावण्याचं कारण एवढंच.

आता मी एका बाळाचे आकडे मांडते. ३७ आठवडे पूर्ण, वजन २.९ किलो, कळा सुरू होण्याआधी ठरवून केलेलं सिझेरियन. कळा हा मुद्दा मी नेहमी विचारते. कळांच्या काळात गर्भाच्या शरीरात जे संप्रेरक बदल होतात, त्यांनी फुप्फुसातला द्रव शोषला जायला सुरुवात होते. ते घडलं नसेल तर पहिल्या श्वासांना जास्त द्रव हटवावा लागतो.

बाळ रडलं, त्यानंतर नाळ मिनिटभराने चिमटली. या क्रमालाही कारण आहे. वारेतून येणारं रक्त हे तोवर डाव्या जवनिकेच्या भरण्याचं मोठं साधन असतं. श्वास सुरू होण्याआधीच नाळ बंद केली तर ते साधन जातं आणि फुप्फुसातून परतणारं रक्त अजून आलेलं नसतं. हृदय अर्धवट भरतं, ठोके मंदावतात. श्वास आधी आला तर फुप्फुसाच्या धमन्या उघडतात, तिथला प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि तेच रक्त डाव्या कर्णिकेत परतून भरपाई करतं. डाव्या कर्णिकेचा दाब वाढतो, नाळ बंद झाल्याने उजवीकडचा कमी होतो आणि फोरामेन ओव्हेलवरचा पातळ पडदा एका बाजूलाच उघडणाऱ्या दारासारखा मिटतो. तो मिटतो, पण चिकटायला महिने लागतात. साधारण चारातल्या एका प्रौढात तो कधीच पूर्ण चिकटत नाही.

उजव्या हातावर तिसऱ्या मिनिटाला ७२, पाचव्याला ८१ आणि दहाव्याला ८७ आकडा आला. हे सगळं अपेक्षेप्रमाणे. पहिल्या मिनिटाला ६० ते ६५, पाचव्याला ८० ते ८५ आणि दहाव्याला ८५ ते ९५ हीच निरोगी बाळाची चाल असते. तिसऱ्या मिनिटाला ७२ दिसला म्हणून घाईने प्राणवायू वाढवायचा नसतो.

मग बाळ कण्हू लागलं आणि श्वास मिनिटाला ७६ झाले. एनआयसीयूत ४० टक्के प्राणवायूवर हात ९४ आणि पाय ९२ होता. एक्स-रे काढला, रक्ताच्या नमुन्यासाठी सुई टोचली, या सगळ्यात बाळ उघडं राहिलं. तापमान ३५.८ अंश सेल्सिअसवर आलं. थोड्या वेळात हात ९० आणि पाय ७७.

तेरा टक्क्यांचा हा फरक नुसत्या फुप्फुसाच्या आजाराने पडत नाही. फुप्फुसात प्राणवायू कमी मिसळत असेल तर हात आणि पाय दोन्ही सारखेच खाली येतात. पाय एकटा घसरतो तेव्हा निळं रक्त डक्टसमधून महाधमनीत शिरत असतं. म्हणजे फुप्फुस धमनीतला दाब महाधमनीपेक्षा वर गेलाय आणि त्या नळीपुरतं पोटातलं अभिसरण पुन्हा सुरू झालंय. थंडी, प्राणवायूची कमतरता आणि रक्तातलं आम्ल या तिन्हींनी फुप्फुसाच्या कोवळ्या धमन्या पुन्हा आवळतात. उजव्या मनगटातल्या धमनीतून घेतलेल्या रक्तात पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड ५८ आणि प्राणवायूचा दाब ५० मिलिमीटर आला, म्हणजे आम्लही होतंच.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. डक्टस आधीच मिटलेला असेल तर फुप्फुसाचा दाब कितीही वाढला तरी हात-पायात फरक दिसत नाही. मग निळं रक्त फोरामेन ओव्हेलमधून डावीकडे जातं आणि दोन्ही आकडे सारखेच पडतात. म्हणून फरक दिसला तर फुप्फुसाचा दाब वाढल्याच्या निदानाला बळ मिळतं, पण दिसला नाही म्हणून ते फेटाळता येत नाही. आणि उलटा फरक, म्हणजे पाय वर आणि हात खाली, दिसला तर मी प्रोबची अदलाबदल झाली नाही ना हे बघून लगेच मोठ्या धमन्यांची जागा बदललेली असण्याचा विचार करते.

उपचारात पहिली गोष्ट ऊब. बाळाला श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटरवर घेतलं, झोपेचं औषध दिलं, हाताळणी कमीत कमी ठेवली. प्राणवायूचं लक्ष्य हातावर ९१ ते ९५ एवढंच. पायाचा आकडा नव्वदीवर आणायच्या नादात प्राणवायू वाढवत नेला तर फुप्फुसाला इजा होते आणि धमन्या त्यामुळे अधिक सैल होत नाहीत. रक्तदाबही जपावा लागतो, कारण महाधमनीतला दाब पडला की डक्टसमधला उलटा प्रवाह आणखी वाढतो.

टू-डी इकोत उजवी कर्णिका आणि उजवी जवनिका यांच्यामधल्या झडपेतून मागे येणाऱ्या झोताचा वेग सेकंदाला ३.५ मीटर होता. ४ × ३.५ × ३.५ = ४९, त्यात उजव्या कर्णिकेचा दाब ५ मिळवला की फुप्फुस धमनीतला वरचा दाब येतो ५४ मिलिमीटर. बाळाचा वरचा रक्तदाब ५२ होता. दोन आकड्यांमध्ये अंतर थोडंच, पण दिशा स्पष्ट होती आणि डक्टसमधला प्रवाहही बहुतांशी उजवीकडून डावीकडेच दिसला.

इकोत याहून महत्त्वाचं काम मी दुसरंच मानते. फुप्फुसाच्या चारही शिरा डाव्या कर्णिकेत येतात का आणि महाधमनीची कमान अखंड आहे का, हे पाहिल्याशिवाय फुप्फुसाच्या धमन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सुरू करू नये. कमान तुटलेली किंवा अतिशय अरुंद असेल तर पायांना रक्त डक्टसमधूनच मिळतं. तिथेही हात ९५ आणि पाय ८० दिसतो, पण त्या बाळाला ती नळी उघडी हवी असते. फुप्फुसाच्या धमन्या सैल केल्या तर रक्त तिकडे वळतं आणि खालच्या शरीराचा पुरवठा तुटतो. मांडीतली नाडी हाताला लागत नसेल तर ही शंका आधी घ्यावी.

अशा बाळाला डक्टस उघडा ठेवणारं अल्प्रोस्टॅडिल लागतं. ५०० मायक्रोग्रॅम औषध ५० मिलिलिटर द्रावणात मिसळलं की एका मिलिलिटरमध्ये १० मायक्रोग्रॅम होतं. ३ किलोच्या बाळाला मिनिटाला किलोमागे ०.०५ मायक्रोग्रॅम द्यायचं, म्हणजे मिनिटाला ०.१५, तासाला ९ मायक्रोग्रॅम, पंपावर तासाला ०.९ मिलिलिटर. हे औषध सुरू असताना बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून श्वास देण्याची तयारी शेजारी हवी.

आपल्या बाळाची कमान आणि शिरा दोन्ही ठीक होत्या. नायट्रिक ऑक्साइड २० पीपीएमवर सुरू केलं. तासाभरात हात ९५, पाय ९१. वायू श्वासातून जातो आणि रक्तात शिरताच निकामी होतो, त्यामुळे फुप्फुसाच्या धमन्या सैल होतात आणि शरीराचा रक्तदाब मात्र पडत नाही. व्हेंटिलेटरमधून द्यावा लागणारा प्राणवायू ६० टक्क्यांच्या खाली उतरल्यावर मात्रा पाच-पाचने ५ पर्यंत आणि तिथून एकेकाने १ पर्यंत कमी करत नेली. ५ वरून एकदम बंद केलं तर धमन्या पुन्हा आवळतात आणि पाय काही मिनिटांत घसरतो, म्हणून शेवटची पायरी सर्वांत सावकाश.

डक्टस मिटण्यामागे दोन कारणं असतात. वाढलेला प्राणवायू नळीच्या स्नायूतले पोटॅशियमचे मार्ग बंद करतो, त्यामुळे कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आवळतो. दुसरं, नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन वारेत तयार होत असतं. वार गेली की पुरवठा थांबतो आणि उरलेलं फुप्फुसातून जाणाऱ्या रक्तातून नाहीसं होतं. निरोगी पूर्ण दिवसांच्या बाळात हे दोन-तीन दिवसांत होतं आणि नळीची दोरी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. या बाळात प्राणवायू कमी राहिल्याने उशीर झाला. चौथ्या दिवशीच्या इकोत डक्टसमधून बारीक धार दिसली, तीही आता डावीकडून उजवीकडे. हात ९६, पाय ९६.

पण दोन्ही आकडे बरोबरीत आले म्हणून मी मांडीतली नाडी बघणं थांबवत नाही. कमान मध्यम अरुंद असलेली बाळं पहिले दोन दिवस अगदी ठीक दिसतात, कारण डक्टसच्या तोंडाशी जागा मोकळी असते. ती मिटली की आठवड्याच्या आत दूध पिणं मंदावतं, पाय गार पडतात, लघवी कमी होते. पायाचा ऑक्सिमीटर तेव्हाही ९६ दाखवू शकतो, कारण पायात पोहोचणारं थोडकं रक्त लालच असतं. घरी सोडण्याआधी दोन्ही मांड्यांत बोट ठेवून नाडी तपासायची, ती उजव्या हाताच्या नाडीच्या मागून किंवा क्षीण लागली तर हात आणि पाय दोन्हींचा रक्तदाब मोजायचा. हाताचा वरचा दाब पायापेक्षा २० मिलिमीटरने जास्त भरला, तर इको पुन्हा केल्याशिवाय बाळाला सोडत नाही.