बावीस फुटांचा हॉल, पण बीम बाराच फुटांचा

कळंबा रस्त्याच्या आतल्या बाजूला आम्ही दुमजली घर बांधायला घेतले, तेव्हा पहिला आराखडा खोल्यांच्या मांडणीपासून सुरू झाला होता. वीस फूट लांबीचा हॉल, त्याला लागून स्वयंपाकघर, वर बेडरूम, आणि खोल्यांचे कोपरे जिथे आले तिथे कॉलम, असे त्याचे स्वरूप होते. स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी तो पाहिला आणि लगेच वरच्या मजल्याचा कागद मागितला. दोन्ही कागद त्यांनी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. उजेडात स्पष्ट दिसले की वरच्या दोन बेडरूममधली भिंत बरोबर हॉलच्या मध्यावरून लांबीने जात होती आणि तिच्याखाली काहीच नव्हते.

सहा इंची विटांच्या नऊ फूट उंच भिंतीचे वजन फुटाला साधारण अडीचशे किलो होते. ते पेलायला वीस फुटांचा बीम लागणार होता. बीमची खोली लांबीच्या बाराव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे वीस इंच, धरली जाते. वर भिंतीचे ओझे असल्याने इंजिनिअरांनी ती चोवीस इंच काढली. मजल्याची उंची दहा फूट असल्याने त्या बीमखाली हॉलमध्ये आठच फूट उरत होते. शिवाय भार तोच राहिला, तर बीमवरचा वाक, म्हणजे त्याला वाकवणारा जोर, लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि लवण, म्हणजे बीमचे मध्ये खाली झुकणे, चौथ्या घाताप्रमाणे. म्हणजे बारा फुटांच्या जागी वीस फूट केले, की वाक जवळजवळ पावणेतीन पट होतो आणि त्याच मापाच्या बीमची लवण साडेसात पटींहून अधिक होते. बीम तुटण्याच्या कितीतरी आधी ही लवण दिसू लागते, कारण वरच्या भिंतीला तिरप्या चिरा जातात आणि दाराची चौकट अडकते.

यानंतर आम्ही खोल्या बाजूला ठेवून आधी रेषा आखल्या. रुंदीत अ, ब, क अशा तीन रेषा, प्रत्येकी बारा फुटांवर. लांबीत १ ते ४ अशा चार रेषा, प्रत्येकी अकरा फुटांवर. एकूण बारा कॉलम आले. अ आणि ब यांच्यामध्ये पहिले दोन गाळे, म्हणजे रेषांमधले चौकोन, जोडून बावीस फुटांचा हॉल झाला, म्हणजे आधीपेक्षा लांबच. मात्र त्याच्या मध्यावरून, रेषा २ वर, आडवा जाणारा बीम आता बाराच फुटांचा होता. पंधरा इंचांच्या त्या बीमखाली पावणेनऊ फूट उंची मिळाली. वरच्या दोन बेडरूममधली भिंत आम्ही याच रेषेवर आणली, त्यामुळे तिचे वजन सरळ बीमवर आणि बीममधून दोन्ही टोकांच्या कॉलमवर उतरते. या साऱ्या प्रक्रियेत मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच, की हॉल मोठा ठेवण्यासाठी बीम लांब करावा लागत नाही. बीमने हॉल कोणत्या दिशेने ओलांडायचा, एवढे नीट ठरवावे लागते.

ब आणि क यांच्यामध्ये पुढचे दोन गाळे गाडीसाठी ठेवले, मागच्यात जिना घेतला. स्वयंपाकघराच्या गाळ्यावर वरची बाथरूम आली. बाथरूमची एक भिंत मात्र कोणत्याच रेषेवर बसेना. तिच्यासाठी हलके ब्लॉक आणि खाली एक दुय्यम बीम घेतला. तिच्यासाठी मुख्य कॉलम हलवायला इंजिनिअरांनी ठाम नकार दिला, आणि तो मला पूर्ण पटला. खाली आधार नसलेला, बीमवरच उभा केलेला कॉलम तर त्यांनी विचारातही घेतला नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या भागाने अनुभवला, तिथे भाराची वाट मध्येच तुटू देणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

एक अडचण सोसावी लागली. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० : २०१६ या संहितेनुसार कॉलम-बीमच्या अशा चौकटीतला कॉलम ३०० मिलिमीटरपेक्षा अरुंद चालत नाही, आणि आमची भिंत सहा इंची. बाहेरची बाजू सपाट ठेवल्याने कॉलमचा उंचवटा आत आला. बेडरूममध्ये तो कपाटांच्या जाडीत सामावून घेतला. पण यामुळे भिंतीची मध्यरेषा आणि कॉलमची मध्यरेषा वेगळी झाली, म्हणून लाईनआऊटच्या, म्हणजे जमिनीवर आखणी करण्याच्या, वेळी मिस्त्रींना भिंतीवरून मापे न घेता कॉलमच्या मध्यरेषेवरून घेण्यास सांगितले.

खुंट्यांवर खिळे मारून सुतळी ताणल्यावर चोवीस बाय तेहतीस फुटांच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजले. ते चाळीस फूट साडेनऊ इंचांच्या किंचित पुढे आणि एकमेकांइतकेच यायला हवे होते, तसे ते आले. कर्ण जुळल्याशिवाय फुटिंगची खोदाई सुरू करायची नाही, असे आधीच ठरले होते. पुढे पहिला स्लॅब पडल्यावर वर आलेल्या सळयांभोवती त्याच रेषा पुन्हा सुतळीने ताणल्या, कडेच्या कॉलमवरून ओळंबा सोडला, आणि वरच्या कॉलमचे स्टार्टर, म्हणजे तळाचे छोटे टप्पे, त्यानंतरच भरले.