सराव-नोंद: ९० मिनिटे, तीन प्रश्न आणि न दिसणारे टेस्ट केस

रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, जुळे सोलापुरातील एका मित्राच्या घरी आमचा छोटा गट जमतो आणि कोणीतरी एकाने तयार केलेला प्रश्नसंच घड्याळ लावून सोडवतो. नोकरीसाठीच्या ऑनलाइन कोडिंग चाचण्यांचेच स्वरूप आम्ही जाणीवपूर्वक ठेवले आहे. नमुन्याचे दोन-तीन टेस्ट केस दिसतात, उरलेले लपलेले असतात आणि सबमिट केल्यावर प्रत्येक केससमोर हिरवी किंवा लाल खूण उमटते. या वेळच्या संचात वेळेची वाटणी कशी केली आणि ती तशीच का केली, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे.

सुरुवात गुणांकनाच्या नियमांपासून करणे भाग आहे, कारण पुढची सारी आखणी त्यावरच उभी राहते. शालेय विद्यार्थ्यांच्या आयओआय या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एका दिवशी पाच तासांत तीन प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाचे उपभाग पाडलेले असल्यामुळे अपुऱ्या उत्तरालाही गुण मिळतात. महाविद्यालयीन संघांच्या आयसीपीसी स्पर्धेत मात्र सर्व केस उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रश्न सुटलाच असे धरत नाहीत, आणि पुढे सुटलेल्या प्रश्नावरील प्रत्येक चुकीच्या सबमिशनपोटी २० मिनिटांचा दंड पडतो. नोकरीच्या चाचण्या या दोन टोकांच्या मध्ये कुठेही असू शकतात. म्हणून ‘सुरू करा’ हे बटण दाबण्यापूर्वी सूचनांच्या पानावर तीन गोष्टी शोधाव्यात: केसनिहाय गुण आहेत का, चुकीच्या सबमिशनला दंड आहे का, आणि अंतिम गुण सर्वोत्तम सबमिशनचे धरतात की शेवटच्या. शेवटचे सबमिशन धरले जात असेल, तर अर्धवट सुधारलेले उत्तर अखेरच्या मिनिटाला पाठवणे म्हणजे हातचे गुण घालवणे होय. आमच्या संचात केसनिहाय गुण होते, दंड नव्हता आणि सर्वोत्तम सबमिशन ग्राह्य होते. पुढील सर्व निर्णय या नियमांपुरतेच खरे आहेत.

प्रश्न तीन होते आणि त्यांना अनुक्रमे २०, ३० व ५० गुण होते. प्रत्येकाला १० लपलेले केस होते. पहिला प्रश्न अक्षरे मोजण्याचा होता, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. दुसऱ्यात चादरींच्या गोदामाची नोंदवही होती: दररोज साठ्यात झालेली भर किंवा घट दिलेली आहे, तर सलग दिवसांचे असे किती तुकडे आहेत ज्यांत निव्वळ बदल बरोबर K होतो? येथे दिवसांच्या संख्येची, म्हणजे n ची, मर्यादा २ लाख होती आणि रोजचा आकडा −10^9 ते 10^9 होता. (असे गोदाम सोलापुरात तरी नाही, पण प्रश्न रचणाऱ्याला सगळे माफ असते.) तिसऱ्यात एका मंगल कार्यालयासाठी आलेल्या मागण्या होत्या. प्रत्येक मागणीला प्रारंभ, शेवट आणि भाडे होते, आणि एकमेकींवर न येणाऱ्या मागण्या निवडून जास्तीत जास्त भाडे मिळवायचे होते. येथे n म्हणजे मागण्यांची संख्या. तिची मर्यादा १ लाख होती, मात्र निम्म्या केसमध्ये n २० पेक्षा अधिक नाही, असे प्रश्नातच नमूद केले होते.

तिन्ही प्रश्न वाचण्यात सात मिनिटे गेली. वाचताना मी गोष्टीपेक्षा मर्यादांकडे आधी पाहतो. सी++मध्ये सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया होतात असा ढोबळ हिशेब धरला, तर २ लाख आकड्यांवर प्रत्येक जोडी तपासण्यासाठी सुमारे २,००० कोटी क्रिया लागतील, म्हणजे दोनशे सेकंद. तो मार्ग पूर्ण गुणांसाठी बंद आहे, हे एक ओळही न लिहिता समजते. परंतु तोच मार्ग n १०,००० पर्यंत असलेल्या केससाठी एका सेकंदाच्या आत संपतो. तिसऱ्या प्रश्नात n २० असेल, तर 2^20 म्हणजे १०,४८,५७६ निवडी होतात आणि प्रत्येकीसाठी २० मागण्या पाहिल्या, तरी साधारण दोन कोटी क्रियांतच काम भागते.

विसाव्या मिनिटाला पहिला प्रश्न पूर्ण झाला. येथून पुढे दुसरा प्रश्न शेवटापर्यंत नेऊन मग तिसऱ्याकडे वळणे हा नेहमीचा रस्ता मी घेतला नाही. दोन्ही प्रश्नांची संथ, सरळसोट उत्तरे आधी लिहून पाठवली. बेचाळिसाव्या मिनिटाला दुसऱ्याचे पाच केस आणि तिसऱ्याचे पाच केस हिरवे झाले. म्हणजे २०, १५ आणि २५ मिळून ६० गुण हातात होते आणि ४८ मिनिटे शिल्लक होती.

संथ उत्तराचा खरा उपयोग गुणांपलीकडचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उरलेले पाचही केस `Time Limit Exceeded` म्हणून लाल झाले, एकावरही `Wrong Answer` आले नाही. प्रश्नाचा अर्थ आपल्याला बरोबर लागला आहे आणि अडचण केवळ वेगाची आहे, हे त्यातून बऱ्यापैकी निश्चित होते. ‘बऱ्यापैकी’ अशासाठी, की वेळ संपल्यामुळे थांबलेल्या केसमध्ये उत्तर चूक होते की बरोबर, ते कळतच नाही. आकड्यांची बेरीज 2×10^14 पर्यंत जाऊ शकते आणि ३२ बिटांच्या `int` मध्ये 2147483647 च्या पुढे जागाच नाही, म्हणजे ओव्हरफ्लो होतो. तुकड्यांची संख्यासुद्धा २,००० कोटींच्या आसपास पोहोचू शकते. म्हणून बेरीज आणि मोजणी या दोन्हींसाठी ६४ बिटांचे `long long` हवे, आणि ते संथ उत्तरातच लिहून ठेवलेले बरे.

आमच्या गटातील एका मैत्रिणीने दुसऱ्या प्रश्नाला थेट सरकत्या खिडकीच्या पद्धतीने हात घातला होता: बेरीज K पेक्षा वाढली की डावे टोक पुढे सरकवायचे. नमुन्याचे केस उत्तीर्ण झाले आणि लपलेल्यांत चौथ्यापासून `Wrong Answer` सुरू झाले. तिने पडद्यावर आधी काय पाहिले, ते नोंदवण्यासारखे आहे. काही ठिकाणी प्रत्येक केससमोर लागलेला वेळही दिसतो, तसा तो येथे दिसत होता, आणि नापास झालेल्या पहिल्या केसला जेमतेम ०.०१ सेकंद लागला होता. “एवढ्या लवकर चुकलंय म्हणजे इनपुट छोटंच असणार. ओव्हरफ्लो नव्हे, विचारातच काहीतरी राहिलंय,” असे ती नंतर म्हणाली. तिचा तर्क मला पटतो. लहान इनपुटलाही मोठे आकडे असू शकतात, त्यामुळे तो निर्णायक पुरावा ठरत नाही, तथापि कोठून शोधायला लागावे हे त्यावरून ठरवता येते. लागलेला वेळ ही लपलेल्या इनपुटच्या आकाराची एकमेव झलक असते. खूप वेळ घेऊन मग चुकलेला केस दिसला, तर मात्र आधी `int` शोधावे.

तिने मर्यादा पुन्हा वाचल्या आणि ऋण आकडे तिच्या लक्षात आले. 1, −1, 1 हे तीन आकडे आणि K = 1 घ्या. पहिला 1, शेवटचा 1 आणि तिन्ही मिळून, असे तीन तुकडे आहेत. सरकती खिडकी दोनच मोजते, कारण बेरीज कधीच K च्या वर जात नाही आणि डावे टोक जागेवरून हलतच नाही. आकडे ऋण असू शकत असतील, तर ही पद्धत दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, ती सोडूनच द्यावी लागते.

आता उरलेल्या ४८ मिनिटांचा प्रश्न. तिसऱ्याचे ५० गुण पाहून तिकडे धावावेसे वाटते, पण त्यातले २५ आधीच मिळालेले होते. तुलना करायची ती शिल्लक गुणांची. दुसऱ्यात १५ गुण बाकी होते आणि माझ्या अंदाजाने १२ मिनिटांचे काम होते, तिसऱ्यात २५ गुण बाकी होते आणि २५ मिनिटांचे काम होते. मिनिटामागे सव्वा गुण आणि एक गुण, असा हिशेब निघाला, शिवाय दुसऱ्याची रीत मला पूर्ण माहीत होती. म्हणून आधी दुसरा घेतला. आतापर्यंतची बेरीज `sum` असेल, तर यापूर्वी `sum - k` ही बेरीज जितक्या वेळा आली, तितके तुकडे येथे संपतात:

```cpp
long long sum = 0, cnt = 0;
map<long long, long long> seen;
seen[0] = 1;
for (long long x : a) {
    sum += x;
    auto it = seen.find(sum - k);
    if (it != seen.end()) cnt += it->second;
    seen[sum]++;
}
```

`unordered_map` अधिक वेगवान ठरले असते का, या विचारात मी वेळ घालवला नाही. २ लाख नोंदींसाठी `map` मधील प्रत्येक शोधाला अठराएक तुलना लागतात, त्यामुळे एकूण काम काही लाखांतच राहते.

पाठवण्यापूर्वी संथ उत्तराशी पडताळणी केली. चाचणीत पडद्यावर दुसरी खिडकी उघडण्यास बहुधा मनाई असते, म्हणून ती त्याच फाइलमध्ये करावी लागते. दोन्ही उत्तरे दोन फंक्शनांत ठेवायची, `main` मध्ये यादृच्छिक छोटे इनपुट तयार करून दोन्हींची तुलना करायची आणि पहिला फरक दिसताच ते इनपुट छापून थांबायचे. येथे आकडे लहान ठेवणे अत्यावश्यक आहे. n सहापर्यंत, आकडे −2 ते 2 आणि K सुद्धा तेवढाच असावा. आकडे कोटींच्या घरातले घेतले, तर K इतकी बेरीज जवळजवळ कधीच जुळत नाही. मग दोन्ही फंक्शने शून्यच देतात आणि हजारो वेळा ‘जुळले’ असे दिसूनही काहीच तपासले गेलेले नसते.

दुसरा प्रश्न छप्पन्नाव्या मिनिटाला पूर्ण झाला. तिसऱ्यात मागण्या शेवटाच्या क्रमाने लावायच्या आणि प्रत्येक मागणीसाठी, तिच्या प्रारंभापूर्वी संपलेल्या मागण्यांपर्यंतचे सर्वोत्तम भाडे बायनरी सर्चने शोधायचे, ही रीत ठरलेलीच आहे. मात्र एक मागणी ज्या क्षणी संपते त्याच क्षणी दुसरी सुरू होत असेल, तर दोन्ही चालतात की नाही, यावर `upper_bound` वापरायचे की `lower_bound`, हे अवलंबून असते. त्याच फाइलमधली पडताळणी येथे कामाला येत नाही. मी प्रश्नच चुकीचा समजलो असेन, तर संथ उत्तरातही तोच गैरसमज असणार आणि दोन्ही उत्तरे बिनचूक जुळणार. त्यामुळे असा काठावरचा प्रसंग नमुन्याच्या केसमध्ये आहे का, ते पाहावे लागते. नमुन्यात 3 ला संपणारी आणि 3 ला सुरू होणारी अशी जोडी होती व उत्तरात दोन्हींचे भाडे धरले होते, म्हणून `upper_bound` घेतले. त्याखेरीज संथ उत्तराच्या पहिल्या सबमिशनमध्ये लहान केस हिरवे झाले होते, त्याचाही आधार होता.

एक्याऐंशीव्या मिनिटाला तिसऱ्याचे नऊ केस हिरवे होते आणि दहावा `Time Limit Exceeded` होता. उरलेल्या नऊ मिनिटांत मूळ रचनेला हात लावला नाही, फक्त इनपुट वाचण्याचा वेग वाढवला. `cin` च्या आधी `ios::sync_with_stdio(false); cin.tie(nullptr);` लिहून पुन्हा पाठवले आणि दहावाही निघाला. एकच केस, तोही सर्वांत मोठा, आणि तोही थोडक्या वेळाने हुकलेला असेल, तर असा किरकोळ बदल आधी करून पाहावा. तीन-चार केस वेळेत बसत नसतील, तर कारण पद्धतीतच असते आणि तेथे हा उपाय लागू पडण्याची शक्यता कमी असते.

पुढील रविवारच्या संचात सर्व केस उत्तीर्ण झाल्याशिवाय शून्य गुण, असा नियम ठेवण्याचे ठरले आहे. तेथे संथ उत्तराला स्वतःचे गुण नसतील. तरीही केवळ पडताळणीसाठी ते लिहिण्यात सात-आठ मिनिटे घालवणे परवडते का, ते त्या वेळी मोजून येथे नोंदवीन. माझा कल ‘दुसऱ्या प्रश्नासाठी होय, पहिल्यासाठी नाही’ असा आहे. मैत्रिणीचे मत नेमके उलट आहे.