ओळ उसनी न घेता

इन्स्टाग्रामवर टाकायला फोटो निवडला, त्याला गाणं लावलं, की कॅप्शनची रिकामी चौकट आपल्या तोंडाकडे बघत बसते. अशा वेळी हात आपसूक त्याच गाण्याच्या मुखड्याकडे जातो. ओळ तयार असते, गोड असते, आणि डोकेफोड दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेली असते. मला मात्र ती तिथे बघवत नाही. शब्द गीतकाराचे, त्यांच्यावर हक्क त्याचा, हा मुद्दा आहेच. पण माझी कुरकुर त्याच्याही आधीची आहे. वर गाणं वाजतंय, गाणारी बाई तीच ओळ जीव ओतून म्हणतेय, आणि खाली आपण तीच टाइप करून ठेवली आहे. डोळे ती ओळ क्षणात वाचून मोकळे होतात आणि आवाज अजून तिच्या दुसऱ्या शब्दावर रेंगाळत असतो. म्हणजे गाण्याने जे हळूहळू उलगडायचं, ते आपण आधीच फोडून टाकतो. शिवाय चाल काढून घेतली की भल्याभल्या ओळी बापुडवाण्या दिसतात. त्यांच्यातलं निम्मं वजन सुरांनी पेललेलं असतं.

ओळ टाळायची ठरवली की बहुतेक जण दुसऱ्या टोकाला जातात आणि भावनेचं नावच लिहून टाकतात. ‘उदास संध्याकाळ’, ‘मन भरून आलं’, ‘हॅपी हॅपी’. हा खड्डा फार जुना आहे. अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाश’मध्ये रसदोषांची यादी दिली, तिच्यात पहिला नंबर याचाच आहे: रस किंवा भाव नाव घेऊन सांगणे. शोक हा शब्द लिहिल्याने वाचणाऱ्याला शोक होत नाही. त्यासाठी आपल्याकडच्या शास्त्राने अनुभाव सांगून ठेवले आहेत. भाव मनात असताना माणसाच्या देहातून, हातून जे घडतं ते अनुभाव. रडू आलं म्हणायचं नाही; चष्मा काढून उगाच पुसत बसला, एवढं सांगायचं. कॅप्शनवाल्यांनी मम्मट वाचावा असं माझं म्हणणं नाही, पण ही एक गोष्ट त्याच्याकडून घेतली तरी पुष्कळ काम भागतं.

आता अनुभाव शोधायचा, तर गाण्याचा मूड नेमका काय आहे ते आधी कळायला हवं. आपल्याला भाषा समजत असली की तिथेच गडबड होते. कानाला शब्द आधी पकडतात, आणि शब्दांत विरह असला की गाणं विरहाचं असं आपण धरून चालतो. मी त्यावर एक साधा उपाय करते. फोनवर गाणं जरा मोठ्याने लावायचं, तो एका खोलीत ठेवायचा, दार ओढून घ्यायचं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन ऐकायचं. भिंत आणि दार उंच कंपनांचे आवाज जास्त अडवतात, आणि स, श, ट, क अशी व्यंजनं मुख्यतः त्याच उंचीवर राहतात. त्यामुळे शब्द विरघळून जातात. उरतात ते स्वर, ठेका आणि आवाजाची चढउतार. मग कळतं की आपण ज्याला रडकं समजत होतो ते गाणं चांगलं पाय हलवणारं आहे, किंवा ज्याचे शब्द लाडीगोडीचे आहेत ते मुळात थकलेलं आहे. शब्द एक सांगतात आणि चाल दुसरंच, अशी गाणी खूप आहेत. तिथे मी चालीच्या बाजूने जाते. शब्दांची बाजू मांडायला गायक आहेच.

ऐकायचा तुकडाही तेवढाच घ्यायचा, जेवढा पोस्टवर वाजणार आहे. आख्ख्या गाण्याचा मूड असा काही नसतो. मुखडा रुसलेला असेल आणि अंतऱ्यात समजूत निघालेली असेल. पंधरा सेकंदांचा अंतरा लावायचा आणि कॅप्शन आठवणीतल्या मुखड्यावर बेतायचं, हा घोटाळा वाचणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतो.

परवा भाचीने हॉस्टेल सोडलं. रिकाम्या खोलीचा फोटो तिने मला पाठवला, सोबत गाणं, आणि खाली, ‘मावशी, काहीतरी सुचव ना, गाण्यातली ओळ सोडून. सगळ्यांनी तीच टाकलीये.’ फोटोत गादी नसलेली खाट, आणि तिच्यावरच्या भिंतीत कॅलेंडरचा चौकोन. बाकी भिंत विटलेली, चौकोन तेवढा ताज्या रंगाचा, आणि त्याच्या डोक्यावर एक खिळा.

मी आधी गाण्याच्या तुकड्यातली नामं लिहून काढली: वाट, वळण, पाऊल, डोळे. ही झाली बंदी घातलेली यादी. नुसती तीच नव्हे, त्यांची भावंडंही. वाट नको म्हणून रस्ता, डोळे नको म्हणून पापण्या, ही पळवाट सगळ्यांना सुचते आणि सगळ्यांना दिसते. मग दार लावून ऐकलं. संथ दादरा, सहा मात्रांचा झोका. आधी एकटा आवाज येतो, ठेका मागाहून हळूच येऊन मिळतो. आणि गंमत शेवटी आहे. मुखड्याची ओळ षड्जावर, म्हणजे मूळ ‘सा’वर, उतरून बसत नाही, वरच्या गंधारावरच थांबते. म्हणजे निरोप आहे, पण दार लावून घेतलेलं नाही. शब्द वाचले असते तर हे मला कधीच सापडलं नसतं. शब्दांत नुसतं पाणी आहे.

भाचीने स्वतःच एक केलं होतं: ‘चार भिंती, हजार आठवणी.’ मी म्हटलं, अगं, हे कुठल्याही खोलीखाली चालेल, अगदी घर भाड्याने द्यायच्या जाहिरातीखालीसुद्धा. ती म्हणाली, ‘मग तू सांग.’

मी पाठवलं: ‘कॅलेंडर काढलं, खिळा राहिला.’

वस्तू बरोबर आल्या होत्या, उदास हा शब्द कुठे नव्हता. पण गाणं चालू करून वाचलं तर ते टाळी दिल्यासारखं वाजत होतं. दोन सारखे तुकडे, दोन्ही क्रियापदावर आपटणारे. म्हणीची चाल ही. आठ मात्रांचा उडता केरवा असता तर शोभलं असतं. तिथे वाक्यं आखूडच हवीत, क्रियापदं भराभर पडायला हवीत. इथे झोका लांबचा होता. म्हणून दुसरा भाग लांबवला: ‘कॅलेंडर उतरवलं. खिळा मात्र तसाच राहू दिला भिंतीत.’ आता चाल जुळली. ‘काढलं’चं ‘उतरवलं’ झाल्यानेही फरक पडला. काढताना झटका असतो, उतरवताना दोन्ही हात लागतात. तरी शेवट अजून षड्जावर येऊन बसत होता. भिंतीत, पूर्णविराम, खेळ खलास. त्यापुढे काही टिंबं टाकावीत असा भाचीचा आग्रह होता. टिंबांनी वाक्य रेंगाळत नाही, ते रेंगाळायला हवं होतं एवढंच कळतं. गाण्यातला शेवट वर थांबतो कारण पुढे कुणीतरी उत्तर देईल अशी जागा त्यात ठेवलेली आहे. तशी जागा वाक्यात करायला हवी होती, म्हणजे खोलीत दुसरं माणूस यायला हवं होतं.

तिला विचारलं, खिळा का नाही काढलास? म्हणाली, ‘अगं, पुढची येईल तिला लागेलच की.’

झालं काम. ‘कॅलेंडर उतरवलं. खिळा मात्र राहू दिलाय, पुढची येईल तिला लागेल.’ ‘राहू दिला’चं ‘राहू दिलाय’ तिने केलं. मला ते आवडलं, कारण त्यामुळे खिळा अजून तिथे आहे असं वाटतं. ‘लागेलच की’ मात्र मी कापलं. बोलताना ते छान होतं, पण गाण्यात एवढी खात्री नव्हती.

मग तपासणी. आधी ते गाण्याच्या चालीवर गुणगुणून बघितलं. बसलं नाही, म्हणजे ठीक. कॅप्शन चालीवर फिट्ट बसलं तर समजावं की आपण ओळीच्या साच्यात आपले शब्द कोंबलेत. वाचणारा ते मनात गाऊ लागतो आणि त्याला विडंबन ऐकू येतं. नंतर आवाज बंद करून वाचलं, कारण निम्मे लोक गाणं न ऐकताच बघणार. त्यांनाही खिळ्याची गोष्ट कळायला हवी. शेवटी ते एका धांगडधिंग्याच्या गाण्याखाली ठेवून पाहिलं. तिथे ते वेडंबागडं दिसलं, याचा मला फार आनंद झाला. दुसऱ्या एखाद्या संथ निरोपाच्या गाण्याखाली चाललं असतं कदाचित, आणि तेवढं चालू द्यावं. कुलूप-किल्लीसारखं एकाच गाण्याला लागणारं कॅप्शन लिहायचा हट्ट धरला की माणूस गाण्यातल्या बासरीचं वर्णन करत सुटतो. कॅप्शनला 2200 अक्षरांची मुभा असते हे खरं, पण फीडमध्ये पहिल्या एक-दोन ओळी दिसतात आणि बाकीचं दडतं. गाण्याचा तुकडा संपायच्या आत वाचून व्हावं, आणि मग उरलेल्या सेकंदांत नुसतं ऐकावं, एवढीच लांबी मला योग्य वाटते.

इमोजीवरून थोडी खडाजंगी झाली. तिला तुटलेलं हृदय हवं होतं. मी म्हटलं, ते म्हणजे पुन्हा भावनेचं नाव घेणंच झालं, फक्त लाल रंगात. तिने ते काढलं आणि त्या जागी गुपचूप हातोडी टाकली. हातोडीबद्दल मी वाद घातला नाही.

रात्री तिच्या रूममेटचा मेसेज आला, तो तिने मला पुढे पाठवला. गाण्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ‘तो खिळा मी ठोकला होता. अंगठा सुजला होता माझा. तू फक्त कॅलेंडर धरून उभी होतीस.’