सहा चित्रांत मावलेला आठवडा

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये आल्यावर पहिल्या वर्षी मी शेजारच्या एका गटात नाव घातलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा जायचं, चहा प्यायचा, गप्पा मारायच्या, एवढंच काम. मला त्या गटाकडे ओढलं ते इन्स्टाग्रामवरच्या एका कॅरोसेलनं, म्हणजे बोटानं सरकवत बघायच्या चित्रांच्या माळेनं. त्यात एक ओळ होती, तिचा अर्थ असा: "दर बुधवारी दोन तास, जाण्यायेण्याचा वेळ धरून, किमान तीन महिने." ती वाचून मी तिथल्या तिथे कॅलेंडर उघडलं. बुधवार मोकळा होता.

कोल्हापुरात माझी मावशी मंगळवार पेठेत एकटी राहते. तिची मुलं बेंगळुरूला, मी इकडं. तिच्यासारख्यांना सोबत द्यायला माझी शाळेतली मैत्रीण आणि तिचे शेजारी मिळून असंच काम करतात. गटात माणसं कमी पडायला लागली तेव्हा तिनं मला फोन केला, "तू तिकडं बघितलंयस न्हवं, मग आमच्यासाठी एक करून दे की."

त्यांचं आधीचं कॅरोसेल मी बघितलं. पहिल्या चित्रात पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन, दुसऱ्यात शाल-श्रीफळ, तिसऱ्यात सगळ्यांचा फोटो आणि शेवटी, "आपला थोडासा वेळ समाजासाठी द्या." लोकांनी पसंती भरपूर दिली होती. नाव नोंदवलेल्यांपैकी बहुतेक जण मात्र पहिल्या भेटीनंतर यायचे थांबले. मैत्रिणीला वाटत होतं, लोकांना कळकळ नाही. मला तसं वाटलं नाही. "थोडासा वेळ" कुणी अर्धा तास समजलं, कुणी महिन्यातून एक रविवार. प्रत्येकानं आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि खरं काम समोर आल्यावर तो मोडला.

म्हणून चित्रं बाजूला ठेवून आम्ही आधी तास मोजायला बसलो. सगळ्यात जास्त वेळ दवाखान्यात सोबत जाण्याच्या कामावर गेला. त्यापुढं तिनं "एक तास" लिहिलं होतं. मी म्हटलं, गेल्या खेपेला तू स्वतः गेलीस ते सांग. तिनं आठवून सांगितलं: आजोबांच्या घरी पोचायला वीस मिनिटं, त्यांना जिन्यावरून उतरवून रिक्षात बसवायला पंधरा, केस पेपरच्या रांगेत पाऊण तास, डॉक्टरांच्या दाराशी सव्वा तास, औषधं घ्यायला वीस मिनिटं, घरी सोडून गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावून सांगायला आणखी अर्धा तास. बेरीज तीन तास पंचवीस मिनिटं. आम्ही "साडेतीन ते चार तास, सकाळीच, महिन्यातून दोनदा" असं लिहिलं. मैत्रीण घाबरली, एवढं वाचून कोण येणार? पण नोकरीवाल्याला हे काम झेपणार नाही हे त्याला चित्रातच कळलेलं बरं. नाहीतर एखादे आजोबा सकाळी आठला कपडे घालून, फाईल मांडीवर घेऊन बसलेले असतात आणि न्यायला कुणी येत नाही.

बाकीची दोन कामं सोपी होती. घरी भेट: आठवड्यातून एकदा दोन तास, वार ठरलेला. फोनवर विचारपूस: आठवड्यातून तीनदा वीस-वीस मिनिटं, घरबसल्या. प्रत्येक कामाला स्वतंत्र चित्र दिलं आणि त्यात चारच गोष्टी ठेवल्या: काय करायचं, कुठल्या भागात, किती वेळ आणि काय करायचं नाही. ही चौथी गोष्ट मी लेस्टरमध्ये शिकले. "पैशाचे व्यवहार करायचे नाहीत, बँकेचं कार्ड हातात घ्यायचं नाही, औषधाची मात्रा आपल्या मनानं बदलायची नाही." हे आधीच वाचलेलं असलं की येणारा आणि म्हातारा माणूस, दोघांचाही संकोच जातो.

शब्दांवरही बोलणं झालं. "कार्यकर्ते पाहिजेत" म्हटलं की आपल्याकडं तालीम आणि निवडणूक डोळ्यासमोर येते. "स्वयंसेवक" हा शब्द मावशीला परका वाटला. शेवटी "सोबती" ठरलं. पहिल्या चित्रावर एवढंच राहिलं: "आठवड्यात दोन तास आहेत? मंगळवार पेठ आणि शाहूपुरीतल्या आजी-आजोबांना सोबती हवेत."

एका गोष्टीवर मी हट्ट धरला. मैत्रिणीला एका आजींचा दारात बसलेला सुंदर फोटो घालायचा होता. मी नको म्हटलं. एकट्या राहणाऱ्या बाईचा चेहरा, तिचं दार आणि पेठेचं नाव एकाच ठिकाणी जगाला दाखवलं, तर सोबत्यांबरोबर चोरालाही पत्ता मिळतो. आजींनी हो म्हटलं असतं तरी हा धोका राहिलाच असता. फोटोऐवजी आम्ही दोन कपबश्यांचं रेखाटन घातलं.

पाचव्या चित्रात नाव दिल्यावर पुढं काय होतं ते लिहिलं: दोन दिवसांत फोन येईल, ओळखपत्र समक्ष बघितलं जाईल, पहिल्या दोन भेटींना जुना सोबती बरोबर असेल.

नोंदणीचं सहावं चित्र सगळ्यात जास्त वेळा बदललं. आधीच्या फॉर्ममध्ये आधार कार्डाच्या फोटोसकट एकोणीस प्रश्न होते. आता तीनच आहेत: नाव, राहण्याचा भाग, कुठलं काम आणि कुठल्या वारी. चित्रात क्यूआर कोड होता तोही काढला, कारण ज्या फोनवर तो दिसतो त्याच फोननं तो स्कॅन कसा करायचा? छापलेल्या पत्रकावर तो ठीक आहे. इन्स्टाग्रामवर पोस्टखालच्या मजकुरातली लिंकही दाबता येत नाही, म्हणून व्हॉट्सॲपची लिंक गटाच्या प्रोफाइलमध्ये ठेवली:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

फुल्यांच्या जागी गटाचा दहा आकडी नंबर. दाबलं की थेट गप्पांची खिडकी उघडते.

आपल्याकडं अशी पोस्ट इन्स्टाग्रामवर थांबत नाही, हे मात्र मी परदेशात राहून विसरले होते. कुणीतरी तिसरं चित्र तेवढं व्हॉट्सॲपवर कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं आणि गटाचा नंबर फक्त सहाव्यावर होता. "हे कुणाचं आहे?" असे मेसेज त्या ग्रुपवर फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चित्राच्या तळाशी गटाचं नाव, नंबर आणि "३/६" असा क्रमांक घातला. चित्रातली सगळी अक्षरं पोस्टखाली मजकूर म्हणूनही लिहिली, कारण ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन चित्रात रंगवलेली अक्षरं वाचून दाखवेलच असं नाही.

चित्रात कमी काय पडलं हे येणाऱ्या प्रश्नांवरून कळतं. "दुचाकी लागते का?" हे बऱ्याच जणांनी विचारलं, मग ते दवाखान्याच्या चित्रावर आलं: लागत नाही, रिक्षाचं भाडं गट देतो. आलेली नावं पूर्वीपेक्षा कमी आहेत. पण जे आले त्यांनी वार सांगून नाव दिलं आणि ते त्या वारी येतात.

फोनवर विचारपूस करणाऱ्यांत मीही आहे. माझ्या वाट्याला शाहूपुरीतल्या एक आजी आहेत. सोमवार, बुधवार आणि शनिवार, सकाळी साडेदहा, म्हणजे इकडं उन्हाळ्यात पहाटेचे सहा. ऑक्टोबरच्या शेवटी इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि मी माझ्या सहालाच फोन केला. तिकडं साडेअकरा झाले होते. आजी म्हणाल्या, "तासभर फोनापाशी बसून हाय मी. कुठं हुतीस?" त्यानंतर फोनच्या चित्रात एक ओळ वाढवली: "परदेशातूनही चालेल, पण वेळ कोल्हापूरच्या घड्याळाची." आता हिवाळ्यात मी पाचला उठते.