बिलिरुबिन वाढलंय, पण रेटिक वाढलेला नाही: एका स्मिअरचा अनुभव

पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी स्मिअर, म्हणजे काचेवर ओढलेला रक्ताचा पातळ थर, वाचते. ॲनिमियाचे बहुतेक नमुने लोहाच्या कमतरतेचे असतात आणि त्यात फारसा प्रश्न उरत नाही. पण एका प्रकारचा नमुना असा असतो की कागदावर तो रक्तपेशी फुटण्याचा आजार वाटतो, म्हणजे हिमोलिसिस, आणि निघतो मात्र बी-१२ ची कमतरता. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे, एकात स्टेरॉइड्स, दुसऱ्यात साधं इंजेक्शन. अशा एका नमुन्यातून आम्ही निष्कर्षापर्यंत कसे पोचलो ते सांगते.

पन्नाशीच्या, पूर्ण शाकाहारी बाई. थकवा, धाप, डोळे जरा पिवळसर. हिमोग्लोबिन ६.६, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, २० टक्के, एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, ११४, पांढऱ्या पेशी ३,१००, प्लेटलेट्स ९२,०००. हिमोग्लोबिन मोडून तयार होणारं बिलिरुबिन २.४ आणि त्यातलं इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून न हाताळलेलं, १.९. पेशी मोडल्या की रक्तात वाढणारा एलडीएच जवळपास २,९००, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दहापटीहून अधिक. त्यांच्या डॉक्टरांचा फोन आला, "मॅडम, कावीळ आहे, एलडीएच एवढा वाढलाय, हिमोलिसिसच ना? कूम्ब्स लावू का?" मी म्हटलं, "सर, कूम्ब्स लावा, पण त्याच ट्यूबमधून रेटिक आणि स्मिअर होऊ द्या. तोवर रक्त चढवू नका, बी-१२ चं इंजेक्शनही देऊ नका." कूम्ब्स म्हणजे लाल पेशींवर प्रतिपिंडं चिकटलीत का ते पाहणारी तपासणी आणि रेटिक म्हणजे हाडांतल्या मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण. पेशंट धापेने अगदी बेजार असेल तर अर्थात थांबायचं नाही, पण रक्त चढवण्याआधी एक जांभळ्या झाकणाची ट्यूब भरून ठेवायची. दात्याच्या पेशी मिसळल्या की स्मिअर वाचणं अवघड होतं.

नमुना आला तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कलेक्शन सेंटरवरून. इथेच पहिली गोष्ट बिघडते. ईडीटीएमध्ये, म्हणजे त्या ट्यूबमधल्या रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यात, रक्त चार-सहा तास राहिलं, त्यातही दुपारच्या ट्रॅफिकमध्ये पिशवीत तापलं, की लाल पेशींना काटे येतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीचं केंद्रक सुटं-सुटं दिसतं आणि त्याचे खंड मोजणं बेभरवशाचं होतं. म्हणून सेंटरवरच रक्त काढल्याबरोबर दोन स्लाइड ओढून, वाळवून, ट्यूबसोबत पाठवायला सांगते. रेटिकला तेवढी घाई नसते, तो खोलीच्या तापमानाला दिवसभर टिकतो.

स्लाइड ओढताना थेंब छोटा आणि दुसरी स्लाइड तीस ते पंचेचाळीस अंशात. रक्त पातळ असेल, म्हणजे हिमॅटोक्रिट २० सारखं, तर कोन थोडा वाढवायचा आणि हात जलद चालवायचा, नाहीतर स्मिअर फार लांब आणि पातळ होतो. पावसाळ्यात पुण्याची हवा इतकी दमट असते की स्लाइड सावकाश वाळते आणि पेशींमध्ये चमकदार पोकळ्या दिसू लागतात. उघड्या बाटलीतला मेथॅनॉलही हवेतलं पाणी ओढून घेतो आणि तशाच खुणा उठवतो. नवशिका त्या पोकळ्यांना टार्गेट सेल, म्हणजे मधोमध ठिपका दिसणारी लाल पेशी, किंवा परजीवी समजतो. फोकस वर-खाली करून पाहिलं की त्या चकाकतात, खरी रचना चकाकत नाही. उपाय साधा: स्लाइड पंख्याखाली लगेच वाळवायची आणि मेथॅनॉल ताजं घ्यायचं. लीशमन हा रंग दोन मिनिटं तसाच ठेवून, मग ६.८ पीएचचं बफर पाणी त्याच्या दुप्पट घालून आठ-दहा मिनिटं ठेवायचं. बफर आम्लाकडे झुकलं तर सगळंच लालसर दिसतं आणि पॉलिक्रोमेशिया, म्हणजे कोवळ्या पेशींची राखाडी-जांभळट झाक, हातून निसटते. या नमुन्यात तर सारं त्या झाकेवरच अवलंबून होतं.

पाहायची ती स्मिअरच्या शेपटीच्या, म्हणजे पातळ टोकाच्या, थोडी मागची जागा, जिथे पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात. अगदी टोकाला सगळ्याच पेशी मोठ्या आणि सपाट दिसतात, मधला फिकटपणा नाहीसा होतो आणि नसलेले स्फेरोसाइट, म्हणजे हिमोलिसिसमध्ये दिसणाऱ्या गोलसर पेशी, दिसू लागतात. हिमोलिसिसच्या शंकेने शेपटीत पाहिलं की माणसाला हवं तेच सापडतं.

या स्लाइडवर काय होतं? मोठ्या, अंडाकृती लाल पेशी, मधला फिकट भाग जवळपास गेलेला. आकारांत खूप फरक, काही अश्रूसारख्या, काही तुटक्या. एक-दोन पेशींत हॉवेल-जॉली कण, म्हणजे केंद्रकाचे उरलेले तुकडे. तुटक्या पेशी आणि कमी प्लेटलेट्स एकत्र पाहून कुणाच्याही मनात सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याच्या आजाराची धास्ती येईल, आणि ती मनात आणायलाच हवी. पण त्या आजारात मज्जा नव्या पेशी बनवायला धडपडत असते, म्हणून पॉलिक्रोमेशिया भरपूर हवा. इथे तो शोधूनही सापडेना. न्यूट्रोफिल पाहिले तर सहा खंडांचे दोन लगेच मिळाले. शंभर न्यूट्रोफिल मोजून त्यात किमान पाच न्यूट्रोफिल पाच खंडांचे असतील, किंवा सहा खंडांचा एकही दिसला, तरी मी हायपरसेगमेंटेशन, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त खंड, असं लिहिते. खंड मोजताना मध्ये फक्त धागा उरला असेल तरच दोन खंड धरायचे, जाड पूल असेल तर तो एकच.

आता रेटिक. न्यू मेथिलीन ब्लू आधी गाळून घ्यायचा, नाहीतर रंगाचे कण पेशींवर बसून जाळं असल्याचा भास करतात. रक्त आणि रंग सारखे घेऊन ३७ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. ॲनिमिया तीव्र असेल तर रक्ताचे थेंब थोडे जास्त, नाहीतर मोजायला पेशीच पुरत नाहीत. मग नीट ढवळून स्मिअर ओढायचा. न ढवळता वरचा थेंब घेतला तर रेटिक जास्त येतो, कारण हलक्या कोवळ्या पेशी वर राहतात. स्लाइड वाळवायची, फिक्स करायची नाही. ऑइल इमर्शनखाली हजार लाल पेशी मोजून त्यात निळे कण किंवा जाळं असलेल्या किती ते पाहायचं. एकच गोल, ठळक, पेशीच्या कडेला चिकटलेला ठिपका असेल तर तो हाइन्झ बॉडी, म्हणजे बिघडलेल्या हिमोग्लोबिनचा कणही असू शकतो. दोन किंवा अधिक कण असले तरच रेटिक धरायचा.

हजारात सोळा मिळाले. म्हणजे १.६ टक्के. डॉक्टरांनी आकडा ऐकून लगेच विचारलं, "रेटिक तर नॉर्मल आहे की?" छापील मर्यादा बहुतेक ठिकाणी ०.५ ते २.५ असते, त्यामुळे हा प्रश्न नेहमी येतो, आणि खरी चूक इथेच होते. टक्केवारी एकूण लाल पेशींच्या तुलनेत असते आणि इथे पेशीच कमी उरल्या आहेत. म्हणून १.६ ला पेशंटच्या २० ने गुणून सामान्य ४५ ने भागायचं, येतो ०.७. शिवाय ॲनिमियात मज्जा कोवळ्या पेशी लवकर बाहेर सोडते. एरवी एक दिवस रेटिक राहणारी पेशी रक्तात दोन-अडीच दिवस तशीच दिसते आणि एकच पेशी पुन्हा पुन्हा मोजली जाते. हिमॅटोक्रिट २० च्या आसपास असताना त्यासाठी दोनने भागतात. उरलं जेमतेम ०.३५. याला रेटिक इंडेक्स म्हणतात. तो दोनच्या खाली म्हणजे मज्जा गरजेइतकं बनवत नाही, तीनच्या वर म्हणजे ती जोमाने बनवते आहे आणि पेशी बाहेर कुठेतरी जात आहेत, फुटून किंवा रक्तस्रावातून.

मग बिलिरुबिन आणि एलडीएच कशाने वाढले? बी-१२ नसताना डीएनए बनत नाही, मज्जेत पेशींची गर्दी होते पण त्या पूर्ण घडत नाहीत आणि तिथेच मोडतात. कुंभाराच्या भट्टीतच मडकी फुटावीत तसं. फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनपासून बनलेलं बिलिरुबिन आणि त्यांतला एलडीएच रक्तात येतात, पण नवी पेशी बाहेर पडत नाही. हिमोलिसिसचे रासायनिक पुरावे सगळे हजर आणि रेटिक मात्र खाली, हे कोडं त्यानेच सुटतं. कूम्ब्स निगेटिव्ह आला, बी-१२ खूप खाली आलं. स्टेरॉइड सुरू झालं असतं तर हिमोग्लोबिन तसंच राहिलं असतं आणि नसांचं, म्हणजे मज्जातंतूंचं, नुकसान पुढे चाललं असतं. नुसतं फोलिक ॲसिड देण्यातही हाच धोका असतो: रक्त काही काळ सुधारतं, नसा सुधारत नाहीत.

स्मिअरला मर्यादाही आहेत. बी-१२ कमी की फोलेट कमी, हे त्यावरून कळत नाही. मायलोडिस्प्लेशिया या मज्जेच्या आजारातही मोठ्या अंडाकृती पेशी आणि कमी रेटिक दिसतो, पण तिथे न्यूट्रोफिलचे खंड बहुधा कमी असतात आणि कणही कमी. लोहाचीही कमतरता सोबत असेल तर मोठ्या-छोट्या पेशींची सरासरी होऊन एमसीव्ही ८८ सारखा निर्दोष येतो. मशीनवर दिसणारा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, तेवढा वाढलेला असतो. चहाबरोबर जेवणाऱ्या, पाळी चालू असलेल्या शाकाहारी बायकांत हे मी बऱ्याचदा पाहते. तिथे हायपरसेगमेंटेड न्यूट्रोफिलच दगा देत नाहीत.

उलटा प्रकारही होतो. आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी "ताकदीचं इंजेक्शन" दिलेलं असतं, ज्यात बी-१२ असतं. उपचारानंतर रेटिक पाच ते आठ दिवसांत शिखरावर जातो. त्या दिवसांत नमुना आला तर रेटिक वाढलेला, पॉलिक्रोमेशिया भरपूर, एमसीव्ही अजून मोठा, बिलिरुबिन अजून उतरायचंय. तो कागद हुबेहूब हिमोलिसिसचा असतो. अशा वेळी पुन्हा न्यूट्रोफिल शोधायचे, कारण जास्त खंडांचे न्यूट्रोफिल उपचारानंतरही दहा-बारा दिवस रेंगाळतात. आणि पेशंटला नेमकं विचारायचं: "गेल्या पंधरा दिवसांत कुठलं इंजेक्शन घेतलंत का? लाल रंगाचं होतं का?" बी-१२ चं द्रावण लाल असतं आणि लोकांना ते आठवतं.

या बाईंना इंजेक्शन सुरू झालं. सातव्या दिवशीचा रेटिक १४ टक्के, हिमॅटोक्रिट २३. गणित केलं तर इंडेक्स ३.६ च्या आसपास. हिमोग्लोबिन तेव्हा जेमतेम ७.४ होतं आणि घरच्यांना काहीच फरक वाटत नव्हता, पण रेटिकने निदान पक्कं केलं होतं. एवढ्या वेगाने नव्या पेशी बनताना पोटॅशियम खाली जाऊ शकतं, म्हणून त्या आठवड्यात डॉक्टरांनी ते तपासलं.

साधारण सहा आठवड्यांनी स्मिअर पुन्हा पाहिला. मोठ्या पेशी उरल्या नव्हत्या, न्यूट्रोफिल नेहमीसारखे, पण नव्या पेशी छोट्या आणि मध्यभागी फिकट दिसू लागल्या होत्या आणि हिमोग्लोबिन १०.५ वर अडकलं होतं. मज्जेने साठ्यातलं लोह संपवलं होतं. आम्ही लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मागवलं, ते ९ आलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रजोनिवृत्तीच्या वयात लोह नेमकं कुठे गेलं हे पाहायला डॉक्टरांनी पुढे एंडोस्कोपी सांगितली.