एकाच चाकाची दोन छायाचित्रे

नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला यामिकी शिकवतो. घरंगळणाऱ्या चाकाच्या माथ्यावरील बिंदूचा वेग मध्याच्या वेगाच्या दुप्पट असतो, हे वाक्य विद्यार्थी दरवर्षी निमूटपणे वहीत उतरवून घेतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते पटलेले नसते, अशी मला शंका आहे. गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याने ते उघडपणे नाकारले. रिम हा अखंड लोखंडी गोल आहे, त्याचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा वेगाने पळू लागला तर रिम तुटायला हवी, असे त्याचे म्हणणे होते. मी फळ्यावर वाद वाढवला नाही. विभागातला कॅमेरा आणि तिवई देऊन त्याला आणि त्याच्या मित्रांना फुटाळ्याच्या रस्त्यावर सकाळी, वाहने नसताना, सायकलची छायाचित्रे काढायला पाठवले. मोबाइल वापरू नका, एवढे मात्र आवर्जून सांगितले, कारण मोबाइल चित्र ओळीओळीने टिपतो आणि फिरत्या चाकाचे सरळ आरे त्यात वाकडे उमटतात.

त्यांनी टायरच्या कडेवर समान अंतरावर पांढऱ्या चिकटपट्टीचे लहान तुकडे लावले होते आणि एक तुकडा चाकाच्या मध्यावर. सायकल साधारण ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर वेगाने कॅमेऱ्यासमोरून आडवी जात होती, आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे राहील असे ठेवले होते. तेवढ्या वेळात प्रत्येक तुकडा जितका सरकला तितकी लांब पांढरी रेघ चित्रात उमटली. टायरचा बाहेरील व्यास 66 सेंटिमीटर असल्यामुळे चित्रातल्या चाकावरूनच रेघांची खरी लांबी काढता येत होती.

दुसऱ्या दिवशी तासाला तो विद्यार्थी दोन छापील चित्रे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, ही दोन्ही एकाच सायकलची आहेत, वेगही तोच होता. पण एकात जमिनीजवळचा भाग स्पष्ट आहे आणि दुसऱ्यात चाकाचा मध्य. मग चाक नक्की कशाभोवती फिरते?" इतका नेमका प्रश्न पहिल्या वर्षाच्या वर्गात मी पूर्वी ऐकलेला नव्हता, म्हणून ठरलेला धडा बाजूला ठेवून तो संपूर्ण तास आम्ही त्या दोन चित्रांवर घालवला.

पहिले चित्र तिवईवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याचे होते. मध्यावरील तुकड्याची रेघ 10 सेंटिमीटर होती आणि ती तशीच असायला हवी, कारण सेकंदाला 5 मीटरच्या वेगाने पन्नासाव्या भागात तेवढेच अंतर कापले जाते. माथ्यावरील तुकड्याची रेघ जवळजवळ 20 सेंटिमीटर भरली. जमिनीला टेकलेला तुकडा मात्र जेमतेम काही मिलिमीटर हलला होता. याचा अर्थ असा, की त्या क्षणापुरते संपूर्ण चाक जमिनीवरील स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या आडव्या अक्षाभोवती फिरत होते. हाच क्षणिक परिभ्रमण अक्ष. मध्य त्याच्यापासून 33 सेंटिमीटरवर असल्याने कोनीय वेग 5 भागिले 0.33, म्हणजे सेकंदाला सुमारे 15 रेडियन. माथा 66 सेंटिमीटरवर, म्हणून त्याचा वेग सेकंदाला 10 मीटर. रिम न तुटण्याचे कारणही यातच आहे. दाराच्या बिजागरीजवळचा भाग सावकाश आणि कडेचा भाग वेगाने फिरतो, तरी दार फाटत नाही, कारण दोन बिंदूंमधले अंतर कुठेच बदलत नाही.

मध्याच्या उंचीवर असलेला पुढचा तुकडा स्पर्शबिंदूपासून त्रिज्येच्या 1.41 पट अंतरावर असतो. त्याची रेघ 14 सेंटिमीटर होती आणि ती पुढे व खाली अशी 45 अंशांनी तिरपी गेली होती. मागचा तुकडा तितकाच वेगवान, पण पुढे व वर जाणारा. मी विद्यार्थ्यांना पट्टी घेऊन या तिरप्या रेघा वाढवायला सांगितले, तेव्हा त्या सगळ्या चाकाच्या माथ्यापाशी येऊन मिळाल्या. वेग हा स्पर्शबिंदूशी जोडणाऱ्या रेषेला काटकोनात असतो, आणि स्पर्शबिंदू ते माथा हा व्यास असल्यामुळे अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो हे शाळेतले प्रमेय इथे लागू पडते. परिघावर नेमका मध्याइतका वेग कुठे असतो, हेही यावरून लगेच सापडते: स्पर्शबिंदूपासून एका त्रिज्येच्या अंतरावर, म्हणजे तळापासून दोन्ही बाजूंना 60 अंशांवर.

दुसऱ्या चित्रात त्यांनी कॅमेरा सायकलच्या गतीने फिरवत नेला होता. कॅमेऱ्याच्या दृष्टीने मध्य स्थिर झाला आणि परिघावरील प्रत्येक तुकड्याची रेघ सारखीच, 10 सेंटिमीटरची उमटली. कोनीय वेग दोन्ही चित्रांत तोच आहे. बदलला तो केवळ अक्ष, कारण वेग कोणाच्या सापेक्ष मोजायचा हे आपण बदलले. पाठ्यपुस्तकात 'जमिनीच्या सापेक्ष' हे शब्द असतात, पण ते वाचताना निसटतात. या चित्रात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट वेगळीच होती. रस्त्यावरच्या खड्यांच्या मागे ओढल्या गेलेल्या रेघा आणि टायरच्या तळाची रेघ यांची लांबी सारखी होती. चाक न घसरता घरंगळते, या अटीचा हाच अर्थ.

मग एका विद्यार्थिनीने विचारले, की तळाचा वेग शून्य असेल तर तो बिंदू तिथेच चिकटून का राहत नाही. वेग शून्य असला तरी त्वरण शून्य नसते. ते वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे येथे सेकंदवर्गाला सुमारे 76 मीटर, सरळ वरच्या दिशेने. गुरुत्वत्वरणाच्या साडेसात पटींहून ते अधिक आहे. म्हणूनच क्षणिक अक्षाचा उपयोग केवळ वेगांसाठी करावा. त्याला खिळलेला अक्ष समजून त्वरण काढले, तर एकसमान वेगाने सरळ जाणाऱ्या मध्यालाही खाली 76 चे त्वरण मिळते, आणि ते उघडपणे चूक आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ही चूक मला नेहमी दिसते.

तास संपताना त्यांनी आणखी एक चित्र पुढे केले. ते बिघडलेले समजून त्यांनी बाजूला ठेवले होते, कारण कॅमेरा स्थिर असूनही त्यात चाकाचा कोणताच भाग स्पष्ट नव्हता. रस्त्याकडेच्या बारीक गिट्टीवर स्वाराने करकचून ब्रेक दाबला होता. मध्याची रेघ 8 सेंटिमीटर होती आणि माथ्याची 14. त्यामुळे फिरण्याचा वाटा 6 ठरतो आणि तळ 8 वजा 6, म्हणजे 2 सेंटिमीटर पुढे घसरलेला असायला हवा. अक्ष मध्याच्या खाली 33 गुणिले 8 भागिले 6, म्हणजे 44 सेंटिमीटरवर, अर्थात जमिनीखाली 11 सेंटिमीटरवर येतो. तिथे चाकाचा कोणताही भाग नसल्याने चित्रात स्पष्ट काहीच उमटणार नव्हते. सुरुवातीला वाद घालणाऱ्या त्याच विद्यार्थ्याने तळाच्या तुकड्याची रेघ पट्टीने मोजली. ती 2 सेंटिमीटरच्या जवळच भरली, आणि तिचे टोक पुढच्या बाजूला होते.