डायव्हर्टिक्युलायटिस, बियांची भीती आणि "पुढील सूचनेपर्यंत": माझा अनुभव

अजून राग गेलेला नाही म्हणून लिहितेय. नऊ आठवडे मी टोमॅटो चिरून चमच्याच्या टोकाने त्यातल्या बिया काढत बसायचे, काकडीचा मधला भाग कोरून टाकायचे, स्ट्रॉबेरी तर सोडूनच दिली कारण तिच्या बिया बाहेरच्या अंगाला असतात, त्या काढणार कशा. आणि यातलं काहीही करायची गरज नव्हती.

आजार कसा कळला ते थोडक्यात सांगते. पोटात डावीकडे खालच्या बाजूला दुखायला लागलं, दोन दिवस गॅस समजून अंगावर काढले, तिसऱ्या दिवशी ३८.६ सेल्सियस ताप आणि गाडी खड्ड्यातून गेली की जीव जाईल अशी कळ. सीटी स्कॅनमध्ये दिसलं, मोठ्या आतड्याच्या भिंतीला ठिकठिकाणी बाहेरच्या बाजूला छोट्या पिशव्या आल्यात आणि त्यातल्या एका भागाला सूज आहे. नुसत्या पिशव्या असल्या तर त्याला डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात, पुष्कळ लोकांना त्या असतात आणि आयुष्यभर कळतही नाही. त्यांना सूज आली की डायव्हर्टिक्युलायटिस. माझी सूज साधी होती, म्हणजे पू नाही, आतडं फुटलेलं नाही. दोन रात्री दवाखान्यात काढल्या, ताप उतरला, घरी सोडलं. इथपर्यंत सगळ्यांनी चांगलंच वागवलं, माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती डिस्चार्जच्या वेळी हातात दिलेल्या एका कागदाबद्दल. त्यावर तीन गोष्टी एकाखाली एक छापल्या होत्या. पहिली, फक्त पातळ, आरपार दिसणारे पदार्थ. दुसरी, कमी फायबरचा आहार. तिसरी, बिया, दाणे, सुकामेवा, मका, पॉपकॉर्न वर्ज्य. आणि तळाशी एकच ओळ, "वरील पथ्य पुढील सूचनेपर्यंत पाळावे." कुठली गोष्ट किती दिवस, काही नाही. तिन्ही एकाच पथ्याचा भाग असल्यासारख्या.

पहिलं मला जमलं, कारण ते नर्सने तोंडी सांगितलं होतं, गाळलेलं सूप, पाणी, गर नसलेला ज्यूस, दोन-तीन दिवस, दुखणं कमी झालं की पुढे सरका. मग मऊ भात, अंडं, पांढरा ब्रेड, साल काढून उकडलेला बटाटा, दही. पंधरा दिवसांनी पोट पूर्ण शांत झालं आणि मला प्रश्न पडला की आता काय? पुढील सूचना कोण देणार?

मी फोन केला. ओपीडीच्या काउंटरवरून उत्तर आलं, "कागदावर लिहिलंय ना मॅडम, तसंच करा." म्हटलं, कागदावर तारीख नाही. तर म्हणे आहार विभागाला विचारा. आहार विभाग म्हणाला, सर्जनची लेखी चिठ्ठी असल्याशिवाय आम्ही डिस्चार्ज पेशंटला सल्ला देत नाही. सर्जनची अपॉइंटमेंट सहा आठवड्यांनी होती, ती आणखी एका आठवड्याने पुढे गेली. मी चार वेळा फोन केला, चारही वेळा वेगळा माणूस आणि प्रत्येक वेळी "पुढील सूचनेपर्यंत" हेच शब्द मला परत वाचून दाखवले. दरम्यान मला बद्धकोष्ठ सुरू झालं. शौचाला चार-चार दिवस नाही आणि झाली तर कडक, जोर लावावा लागायचा. मला वाटायचं आजार वाढतोय, म्हणून मी पथ्य आणखी कडक करायचे. ताई म्हणायची, "अगं, तू काही खातच नाहीस, जायचं काय पोटातून?" तिचं बरोबर होतं, पण माझ्या हातात छापील कागद होता ना.

सातव्या आठवड्यात सर्जन भेटले, जेमतेम चार मिनिटं. "हळूहळू नॉर्मल खा" म्हणाले. मी विचारलं, आणि बिया? "टाळलेल्या बऱ्या." एवढंच. आहार विभागाची चिठ्ठी मात्र दिली. आणि आठव्या आठवड्यात कोलोनोस्कोपी ठरवली, ती अशा अटॅकनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात, आतड्यात दुसरं काही लपलेलं नाही ना हे बघायला. तिच्या तयारीचा वेगळा कागद मिळाला, त्यावरही पहिल्याच ओळीत बिया आणि दाणे बंद! झालं, माझी खात्रीच पटली की बिया म्हणजे विष. हे इथेच सांगून ठेवते, तो नियम त्या तपासणीपुरता असतो. न पचलेल्या बिया आतड्यात उरल्या तर कॅमेऱ्याला नीट दिसत नाही आणि दुर्बिणीची शोषून घेणारी नळी अडकते. तपासणी झाली की नियम संपला. मला हे कोणीच सांगितलं नाही.

कोलोनोस्कोपी नीट पार पडली, पिशव्या सोडून काही नव्हतं. नवव्या आठवड्यात एकदाची आहारतज्ज्ञ मॅडमची वेळ मिळाली आणि त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी आधी मला कालचा दिवस सांगायला लावला, सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि बाजूला फायबरचे आकडे मांडत गेल्या. बेरीज आली जेमतेम ८ ग्रॅम. "तुम्हाला रोज २५ ते ३० हवेत," म्हणाल्या. मग माझा तो कागद घेतला, दुसऱ्या ओळीखाली पेनाने आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "या वरचं फक्त दुखत असताना. दिवसांचं काम आहे, महिन्यांचं नाही." आणि तिसरी ओळ सरळ खोडली.

बियांचं त्यांनी असं समजावलं. पूर्वी डॉक्टरांना वाटायचं की पिशवीचं तोंड बारीक, त्यात बी जाऊन अडकत असेल आणि सूज येत असेल. ऐकायला पटतं, म्हणूनच पिढ्यान् पिढ्या चाललं, पण कोणी ते सिद्ध केलेलं नव्हतं. मग २००८ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, सत्तेचाळीस हजारांवर पुरुष, १८ वर्षं त्यांच्या खाण्याच्या नोंदी. त्यात दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांना हा त्रास जास्त झालेला दिसला नाही. उलट दाणे आणि पॉपकॉर्न जास्त खाणाऱ्यांमध्ये तो थोडा कमीच होता. म्हणजे अक्रोड खाल्ले की आजार टळतो असं नाही हं, मॅडमनी हे मुद्दाम सांगितलं, एवढंच की बंदीला आधार नाही. एखाद्याला स्वतःला एखादी गोष्ट खाल्ली की दरवेळी त्रास होत असेल तर त्याने ती खाऊ नये, आणि ज्यांचं आतडं वारंवारच्या सुजेने अरुंद झालंय त्यांना डॉक्टर वेगळं सांगतील, ते ऐकायचं.

मी विचारलं, मग एवढं फायबर उद्यापासूनच सुरू करू? तर नाही. एकदम वाढवलं की पोट फुगतं, कळा येतात आणि माणूस घाबरून परत पांढऱ्या ब्रेडवर येतो. त्यांनी मला आठवड्याला साधारण ५ ग्रॅमची पायरी आखून दिली. पहिल्या आठवड्यात एक सफरचंद सालीसकट, ते चारेक ग्रॅम. दुसऱ्यात सकाळी ओट्स. तिसऱ्यात अर्धी वाटी शिजवलेली मसूर, त्यात एकटीतच सात-आठ ग्रॅम असतात म्हणून ती आधी नाही घ्यायची. चौथ्यात मूठभर बदाम, नीट चावून. पाणी सोबत वाढवायचंच, नाहीतर फायबर आतच घट्ट होऊन बसतं, इसबगोल घेतलं तर एक पूर्ण ग्लास पाण्यासोबतच. दुसऱ्या आठवड्यात मला गॅस झाला, मी त्याच पायरीवर आणखी आठवडा थांबले, मग गेला. पाचव्या आठवड्यात पोट रोज साफ व्हायला लागलं, आणि इतकं हलकं वाटलं की त्या नऊ आठवड्यांचा राग तेव्हा खरा आला.

हां, एक राहिलं, पेनकिलर. आयब्युप्रोफेन जातीच्या गोळ्यांनी या आजाराचा धोका वाढतो, मी पहिल्या दुखण्यात गॅस समजून त्याच घेतल्या होत्या. आता दुखलं तर आधी डॉक्टरांना विचारते, त्यांनी मला पॅरासिटामॉल सांगितलंय.

पुढे दहा महिन्यांनी परत थोडं दुखलं. आदल्या रात्री मी तिळाचे ब्रेडस्टिक खाल्ले होते, तर घरात सगळे एका सुरात, "बघ, तीळ!" मी हलले नाही. कारण शोधत बसण्यापेक्षा त्या दिवशी काय खायचं हे महत्त्वाचं होतं, आणि आता ते मला माहीत होतं. हा गॅस नव्हता, गॅसची कळ जागा बदलते आणि वारा सरला की जाते, हे दुखणं एकाच जागी, तासन् तास, खोकलं की जास्त. डॉक्टरांना फोन केला, ताप नव्हता, उलटी नव्हती, त्यामुळे घरीच थांबा म्हणाले. दोन दिवस पातळ, मग तीन-चार दिवस मऊ कमी फायबरचं, फायबरची पावडरही तेवढे दिवस बंद. सुजलेल्या आतड्याला त्या वेळी काम कमी द्यायचं, बस. सातव्या दिवशी सफरचंद, दहाव्या दिवशी मसूर, दोन आठवड्यांत पुन्हा बदाम. ताप चढला असता, दुखणं पूर्ण पोटभर पसरलं असतं, पोट कडक लागलं असतं, शौचातून रक्त आलं असतं किंवा पाणीसुद्धा पोटात टिकलं नसतं तर घरी थांबायचं नाही, थेट इमर्जन्सीत, हे फोनवरच लिहून घेतलं होतं. पातळ आहारावर दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तरी परत फोन करायचा, उपाशी राहून दिवस वाढवायचे नाहीत.

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एका काकांना त्याच त्रासाने ॲडमिट केलं होतं. भेटायला गेले तर त्यांच्या उशाशी तोच कागद, तळाशी तेच "पुढील सूचनेपर्यंत." मी पर्समधून पेन काढलं, प्रत्येक ओळीपुढे "किती दिवस?" असं लिहून पुढे जागा रिकामी सोडली आणि काकूंना म्हटलं, काकू, राउंडला डॉक्टर येतील तेव्हा या तीन जागा त्यांच्याकडून भरून घ्या, त्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नका.